साठ वर्षांची बाटली, तीन मिनिटांचा टोस्ट

वसईच्या आमच्या घरात जिन्याखाली एक लाकडी पेटी असायची. तिच्यात भाताचं तूस भरलेलं आणि तुसाच्या मधोमध एक काळपट हिरवी बाटली आडवी निजवलेली. बाटलीला लेबल नव्हतं. तोंडावर लाखेसारखं काळं मेण आणि अंगावर एका बाजूला पांढऱ्या रंगाचा एक फराटा, एवढीच तिची ओळख. लहानपणी आम्हा भावंडांना त्या पेटीवर बसायलाही मनाई होती. ती बाटली पप्पांची आणि पप्पा साठ वर्षांचे होतील त्या दिवशी उघडायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पप्पांचा जन्म ऑक्टोबर १९६३ चा. त्यांचे मामा बोटीवर नोकरीला होते आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तेच धर्मपिता म्हणून उभे राहिले होते. १९७२ मध्ये पप्पांच्या पहिल्या कम्युनियनला मामा लंडनहून परतले ते ही बाटली घेऊन. तिच्यात पोर्ट वाइन आहे आणि ती भाच्याच्या जन्मसालची आहे, असं त्यांनी आजीला सांगितलं. इंग्लंडमधल्या सधन घरांतून ही जुनी चाल आहे. मूल जन्मलं की धर्मपित्यानं त्याच्या जन्मवर्षाची पोर्ट विकत घ्यायची आणि ते मोठं होईपर्यंत तळघरात ठेवून द्यायची. काही श्रीमंत लोक तर अख्खं पिंप घेत. मामांनी ती चाल बोटीवरच्या साहेबांकडून ऐकली असावी. त्यांना एकच बाटली परवडली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ती उघडायची वेळ आली. टोस्ट मी करायचा, असं आईनं ठरवलं. मला दोन चिंता लागल्या. साठ वर्षांच्या बाटलीत अजून काही पिण्याजोगं उरलं असेल का, आणि असलं तर ते हातात धरून मी नेमकं काय बोलायचं? पहिल्या चिंतेचा निकाल लागेपर्यंत दुसरीला हात घालता येईना. म्हणून आधी बाटली समजून घेतली.

पोर्ट ही पोर्तुगालच्या उत्तरेकडची दारू. दोरू नदीच्या खोऱ्यात, उभ्या डोंगरउतारांवर बांध घालून तिथं द्राक्षमळे केलेले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं उतरवतात आणि दगडी हौदांत पायांनी तुडवतात. रस आंबायला लागतो. साधी वाइन असती तर सगळी साखर संपेपर्यंत तो आंबू दिला असता. पोर्ट करताना दोन-तीन दिवसांतच, निम्मी-अर्धी साखर शिल्लक असताना, त्यात द्राक्षांपासूनच काढलेला कडक मद्यार्क ओततात. त्यात शंभरात सत्त्याहत्तर भाग अल्कोहोल असतं. साधारण चार भाग रसाला एक भाग मद्यार्क, असं ते प्रमाण. एवढ्या अल्कोहोलमध्ये आंबवणारं यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि शेवटी शेकडा वीस भाग अल्कोहोल असलेली गोड, दाट, लाल दारू तयार होते. गोडी आणि अल्कोहोल हे दोन्ही राखणदार असल्यामुळे ती साध्या वाइनपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकते.

त्यातही एक प्रकार खास ठेवण्यासाठी केलेला असतो. त्याला व्हिंटेज पोर्ट म्हणतात. वर्ष फार चांगलं गेलं असेल तरच व्यापारी त्या सालाची व्हिंटेज जाहीर करतात. दहा वर्षांत सरासरी तीनदा असा योग येतो. ही पोर्ट लाकडी पिंपात दोनच वर्षं ठेवतात आणि न गाळता बाटलीत भरतात, म्हणून पुढचं सगळं मुरणं बाटलीतच होतं. तिच्यातला रंग आणि तुरटपणा हळूहळू एकमेकांना धरून खाली बसतो आणि बाटलीच्या आतल्या बाजूला गाळाचा पापुद्रा जमतो. बाटली हलली की तो मोडतो. आमच्या बाटलीवरच्या पांढऱ्या फराट्याचा अर्थ मला इथं कळला. तळघरात बाटली आडवी ठेवताना कोणती बाजू वर होती हे लक्षात राहावं, म्हणून तो मारतात. घर बदललं, मालक बदलला, तरी फराटा वर ठेवायचा, म्हणजे गाळ जिथला तिथं राहतो.

१९६३ हे पोर्टच्या इतिहासातलं गाजलेलं वर्ष आहे. बहुतेक सगळ्या नावाजलेल्या घराण्यांनी ते व्हिंटेज म्हणून जाहीर केलं. त्या काळी बरीचशी पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जायची आणि तिथले व्यापारी ती बाटल्यांत भरायचे. पोर्तुगालमध्येच बाटलीबंद करण्याची सक्ती सत्तरच्या दशकात आली. त्यामुळे लेबल नसलेली, नुसत्या मेणानं बंद केलेली लंडनची बाटली असणं यात काही नवल नव्हतं. पण ती खरोखर १९६३ चीच आहे की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. पोर्टच्या बुचावर घराण्याचं नाव आणि साल डागलेलं असतं. बूच निघेल तेव्हाच उत्तर मिळणार होतं.

आता वसईच्या हवेचा प्रश्न. अशा बाटलीला थंड, अंधारं तळघर लागतं, साधारण तेरा अंशांचं. आमच्याकडे तळघर नाही आणि मे महिन्यात पारा तिशीच्या वर. उष्णतेनं दारू लवकर म्हातारी होते. त्याहून वाईट म्हणजे रोजची चढ-उतार. दुपारी दारू फुगते आणि बुचाला ढकलते, रात्री आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. असं हजारो वेळा झालं की बूच सैल होतं आणि दारू विटते. तुसाची पेटी इथं कामी आली. भाताचं तूस उष्णता सहज आत जाऊ देत नाही. पूर्वी बर्फ टिकवायला लाकडाचा भुसा वापरत, तसंच हे. जिन्याखालचा अंधार, जाड मातीच्या भिंती आणि चहूबाजूंनी तूस. बाटली थंड राहिली नाही, पण दिवस-रात्रीचे हेलकावे तिच्यापर्यंत पोचले नाहीत. हे सगळं आजीनं पुस्तकात वाचून केलं नव्हतं. काचेची मौल्यवान वस्तू फुटू नये म्हणून तिनं ती तुसात ठेवली होती.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पांनी बाटली पेटीतून काढली. मी मोबाइलचा टॉर्च मागे धरून तीन गोष्टी पाहिल्या. दारूची पातळी बाटलीच्या मानेच्या तळाशी होती. साठ वर्षांत थोडी उतरणं साहजिक आहे. ती खांद्याच्या खाली गेली असती तर आत बरीच हवा शिरली, असं समजायचं. मेणाच्या कडेला चिकट ओघळ नव्हता, म्हणजे बूच गळत नव्हतं. आणि रंग मातकट तपकिरी न दिसता, जुन्या कौलासारखा तांबडा दिसत होता. आशा ठेवायला जागा होती. बाटली उभी करून ठेवली. गाळ तळाशी बसायला निदान एक दिवस लागतो, आम्ही दोन दिले.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरांत शोकेसमध्ये जपलेली बाटली असते ती व्हिस्कीची. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते, बाटलीत नाही. बारा वर्षं मुरलेली व्हिस्की आणखी तीस वर्षं शोकेसमध्ये ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. शिवाय ती आडवी ठेवू नये. तिच्यातल्या चाळीस टक्क्यांवरच्या अल्कोहोलनं बूच कुजतं. आणि दुकानातली साधी रेड वाइन बहुधा दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते, ती साठवली तर नुसती विटते. वर्षानुवर्षं ठेवून खरोखर बदलत जाणाऱ्या बाटल्या थोड्याच असतात. मामांनी त्यांतलीच एक निवडली होती.

रविवारी मिस्सा झाल्यावर सतरा माणसं जमली. बाटली उघडायचं काम जेवणाच्या थोडं आधी, स्वयंपाकघरात केलं. पोर्टच्या बाटलीची मान मध्यभागी किंचित फुगीर असते. लांब बूच तिथं पसरून घट्ट बसतं आणि जुनं झालं की ओढताना हमखास तुटतं. पोर्तुगालमध्ये यावर धीट उपाय आहे. लोखंडी चिमटा लालभडक तापवून बाटलीच्या मानेला बुचाच्या खाली मिनिटभर धरतात आणि लगेच त्या जागी गार पाण्यात बुडवलेलं फडकं लावतात. काच त्या रेघेवर स्वच्छ तडकते आणि बुचासकट मान अलगद निघून येते. आम्हाला ते धाडस झालं नाही. हॉटेलात काम करणाऱ्या चुलतभावानं दोन पातळ पात्यांचं ओपनर आणलं होतं. बुचाला भोक न पाडता ती पाती काच आणि बूच यांच्यामध्ये दोन्हीकडून सरकवायची आणि पिळत पिळत वर घ्यायचं. मेण खरवडून काढलं, मान पुसली आणि भावानं पाती घातली. वरचं अर्धं बूच आलं. खालचं अर्धं मोडून आत पडलं.

आई कळवळली, पण बूच आत पडल्यानं काही बिघडत नाही, गाळून घेतलं की झालं. आईनं साबण न लावता उकळून वाळवलेलं मलमल तयारच ठेवलं होतं. साबणाचा वास दारूला लगेच लागतो. काचेच्या जगावर फनेल, फनेलमध्ये मलमल. टेबलावर मेणबत्ती लावली आणि बाटलीचा खांदा तिच्या उजेडावर येईल असा धरून पप्पांनी ओतायला सुरुवात केली. हे काम एकाच संथ ओघात करायचं असतं. मध्ये थांबून बाटली सरळ केली की तळाचा गाळ उसळून सगळ्यात मिसळतो. पप्पांचा हात हलला नाही. काचेतून स्वच्छ लाल धार जाताना दिसत होती. चार-पाच मिनिटांनी तिच्यात धुरासारखी एक काळी रेघ उमटली. तीच थांबायची खूण. पप्पांनी बाटली उचलली. तळाशी दोन-तीन घोट उरले होते, ते सोडून दिले.

भावानं दरम्यान बुचाचे तुकडे बशीत जुळवले होते. घराण्याचं नाव असायला हवं तिथं नुसता भुगा झाला होता. पण वरच्या अर्ध्या भागावर, बाजूला, चार आकडे शाबूत होते. १९६३. पप्पांनी बशी हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ पाहत राहिले.

मग वास. दारू बिघडली असेल तर नाकाला आधी कळतं. व्हिनेगरचा आंबूस वास आला तर ती गेली. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीचा वास आला तर बुचाचा दोष. जळलेल्या गुळाचा आणि अक्रोडाचा वास फार असेल तर उष्णतेनं खाल्लं. जुन्या बाटलीला उघडल्या उघडल्या कोंदट वास येऊ शकतो, म्हणून वीस मिनिटं थांबलो. मग काळ्या मनुकांचा, सुक्या अंजिरांचा आणि थोडा गुळाचा वास आला. वसईच्या उन्हाळ्यांनी तिला थोडं लवकर म्हातारं केलं होतं, हे खरं. थंड तळघरातली हिची बहीण याहून लाल असेल. पण आमची जिवंत होती.

पाऊण लिटरमधली गाळ वगळून उरलेली सतरा जणांत चाळीस-चाळीस मिलिलिटर आली. एवढी पुरते. ही दारू ग्लास भरून प्यायची नसते, आणि उरवायचीही नसते. इतकी जुनी पोर्ट हवा लागल्यावर एक-दोन दिवसांतच फिकी पडते. आत्या दारू घेत नाही, तिच्या ग्लासात कोकम सरबत होतं. टोस्टला ग्लासात काय आहे याला महत्त्व नसतं, ग्लास सगळ्यांनी मिळून उचलण्याला असतं. तिच्या वाट्याचा घोट पप्पांच्या ग्लासात गेला.

आता माझी पाळी. टोस्ट हा शब्द भाजलेल्या पावाचाच आहे. जुन्या इंग्लंडात दारूला चव यावी म्हणून तिच्यात पावाचा मसालेदार भाजका तुकडा टाकत, त्यावरून ज्याच्या नावानं प्यायचं त्यालाही तो शब्द चिकटला. आमच्या समाजात लग्न असो की ज्युबिली, टोस्ट हवाच. मी लहानपणापासून पुष्कळ टोस्ट ऐकले आहेत आणि त्यांतले बहुतेक कंटाळवाणे का होतात हेही पाहिलं आहे. बोलणारा जन्मापासून सुरू करतो, शाळा, नोकरी, लग्न, मुलं असं सगळं आयुष्य ओततो, आणि शेवटी स्वभावाच्या गुणांची यादी वाचतो. ऐकणाऱ्यांचे हात ग्लास धरून अवघडतात.

मी आधी चार पानं लिहिली होती, त्यांतही हेच झालं होतं. शुक्रवारी बाटली उभी केल्यावर मी ती पानं पुन्हा वाचली आणि एकच प्रसंग ठेवला. बाकीचं काढून टाकलं. मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं, तीन मिनिटं भरली. शेवटचं वाक्य पाठ केलं, कारण त्याच वाक्यावर सगळे उठतात आणि तिथं अडखळलं तर कुणाला उठावं कळत नाही. रीत अशी की ज्याच्या नावानं टोस्ट असतो तो बसून राहतो आणि तेव्हा पीत नाही. स्वतःच्याच आरोग्यासाठी स्वतः कसं प्यायचं? तो नंतर उठून सगळ्यांसाठी पितो. पप्पा ग्लास टेबलावर ठेवून बसले. मी जे बोललो ते असं होतं.

“पप्पा, आई आणि आपली सगळी माणसं. शेजारच्या काकूंनी मला सकाळी पंचांग दाखवलं. त्यांच्याकडे साठ संवत्सरांची साठ नावं असतात. पप्पा जन्मले तेव्हा शोभन नावाचं संवत्सर चालू होतं. साठही नावं एकदा फिरून झाली आणि आज पुन्हा शोभनच चालू आहे. ही बाटलीही त्याच वर्षीची. पप्पा पाळण्यात होते तेव्हा हिची द्राक्षं हौदात होती.

“जुलै २०१८ चा पूर सगळ्यांना आठवतो. गाड्या बंद होत्या. मी अंधेरीला अडकलो होतो. रात्री फोन लागला तेव्हा पप्पा म्हणाले, घरात गुडघाभर पाणी आहे, सगळे माळ्यावर आहोत. मी विचारलं, काय काय वर नेलं? त्यांनी ओळीनं सांगितलं. आधी आजी. मग आजीची औषधं. मग तांदूळ आणि बियाण्याचं भात. मग आईचं शिवणयंत्र, ते उचलायला शेजारच्या काकांना हाक मारली. मग काकांच्या घरात जाऊन त्यांचं सामान वर चढवलं. आणि सगळ्यात शेवटी ही बाटली.

“ती त्यांनी पेटीतून काढून दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, पांढरी खूण वर ठेवून. आईनं मला नंतर सांगितलं, पाण्यातून जिना चढताना ते एकेक पायरी मोजून चढले. पाणी ओसरल्यावर त्यांनी भिजलेलं तूस फेकलं, नवं तूस उन्हात वाळवलं, पेटी भरली आणि बाटली होती तशी ठेवली.

“या बाटलीवर त्यांचा किती जीव होता हे आपण पन्नास वर्षं बघतोय. तरीही त्या रात्री ती शेवटी आली. मी आता संसाराला लागलो आहे. कशावर जीव असावा आणि तरी आधी काय उचलावं, हे मी त्या एका फोनवर शिकलो. पप्पा, मामांनी दिलेलं तुम्ही नीट सांभाळलंत. आम्हालाही. सगळ्यांनी उठा. पप्पांच्या आरोग्यासाठी!”

सगळे उठले. खुर्च्यांचा आवाज झाला, मग ग्लासांचा. नव्वदी ओलांडलेली आजी उठू शकत नव्हती, तिनं बसल्या बसल्या ग्लास वर केला. पप्पा मान खाली घालून बसले होते. थोड्या वेळानं उठले. त्यांना भाषण जमत नाही. ते म्हणाले, “मामा असते तर त्यांना सांगितलं असतं, बूच मोडलं, पण आतलं चांगलं राहिलं. तुम्हा सगळ्यांसाठी.” आणि त्यांनी पहिला घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग आजीकडे बघून म्हणाले, “गोड आहे गो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा पप्पा विहिरीपाशी बसले होते. बाटलीत त्यांनी मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घातलं होतं आणि ती हलवत होते. काचेच्या आतला काळा पापुद्रा सुटून पाण्याबरोबर बाहेर येत होता. तीन-चार वेळा खळखळून झाल्यावर त्यांनी बाटली उन्हात धरली. आम्ही आजवर जिला काळपट समजत होतो ती काच चक्क पोपटी हिरवी निघाली. पांढरा फराटा मात्र त्यांनी घासला नाही. बाटली कठड्यावर वाळत ठेवताना त्यांनी ती आडवीच ठेवली, खूण वर करून.